लग्नाला जमणार नाही, हे मित्राला कसं सांगावं?

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग वाचकांचे प्रश्नही. ‘जिवलग मैत्रिणीचं लग्न सोलापूरला आहे आणि मला रजा मिळत नाही. तिला कसं सांगू?’ ‘मित्राच्या पार्टीत दारू असते, मला जायचं नाही, पण मैत्रीही तुटायला नको.’ ‘ऐन वेळी ताप आला असं कळवलं तर चालेल का?’ प्रसंग वेगळे असले तरी अडचण एकच असते. नातेवाइकाकडे घरातलं कुणीतरी एक जाऊन आलं की भागतं. मित्राने मात्र तुम्हालाच बोलावलेलं असतं, त्यामुळे तुमच्या वतीने दुसरं कुणी जाऊन चालत नाही.

आपल्याकडे आमंत्रणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. आपण ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ किंवा सरळ ‘नक्की येतो’ म्हणतो आणि जात नाही. दूरच्या ओळखीत हे खपतं, कारण दोन्ही बाजूंना त्या शब्दांचा अर्थ माहीत असतो. जवळचा मित्र मात्र तुमचं ‘बघतो’ खरं धरतो, तुमची वाट पाहतो आणि मग दुखावतो. म्हणून या लेखातला सगळा सल्ला एका गोष्टीभोवती आहे: स्पष्ट नकार, तोही लवकर आणि स्वतःच्या तोंडून.

आधी ठरवा: तुमच्याकडून नेमकी अपेक्षा काय आहे?

प्रत्येक नकाराचं वजन सारखं नसतं. उत्तर देण्याआधी, तुमच्या न येण्याने मित्राचं काय अडणार आहे, हे पाहा. साधारण तीन प्रकार दिसतात.

- फक्त ताट. पाच-सहाशे माणसांचं लग्न आहे, पत्रिका सगळ्या ऑफिसला दिली आहे. इथे कार्यालयातल्या जेवणाचा अंदाज ढोबळ असतो, तुमच्या एका ताटाने काही बिघडत नाही. चार-आठ दिवस आधी एक आपुलकीचा संदेश पुरतो. लांबलचक खुलासा केलात तर समोरच्यालाच अवघडल्यासारखं होतं.
- राखून ठेवलेली जागा. तुमच्यासाठी खोली घेतली आहे, ट्रॅव्हलरमध्ये सीट धरली आहे, किंवा हॉटेलात तीस माणसांचा वाढदिवस आहे. केटरर आणि हॉटेलवाले काही दिवस आधी किमान ताटांचा आकडा पक्का करून घेतात आणि माणसं कमी आली तरी तेवढ्याचे पैसे लावतात. इथे उशिरा दिलेला नकार मित्राच्या खिशाला लागतो.
- हात. हळदीपासून बरोबर राहायचं आहे, करवलीबरोबर धावपळ करायची आहे, वरातीत पुढे राहायचं आहे, बाहेरगावच्या मित्रमंडळींची व्यवस्था बघायची आहे. इथे तुमच्या जागी दुसरं माणूस शोधावं लागतं. असा नकार सर्वांत आधी द्यायचा आणि फोनवर किंवा भेटूनच द्यायचा.

आपण कोणत्या प्रकारात बसतो हे कळत नसेल, तर मित्राला सरळ विचारा: ‘माझ्यावर काही काम टाकलंयस का?’ या एका प्रश्नामुळे बरेच गैरसमज टळतात. कधी कधी उलटंही होतं. आपण स्वतःला करवली समजत असतो आणि मैत्रिणीने सगळी कामं चुलत बहिणींना वाटून टाकलेली असतात.

‘नाही’ आणि ‘थोडा वेळ’ यांच्या मधली वाट

पूर्ण नकार देण्याआधी एकदा तपासा. मराठी लग्न एका दिवसाचं असलं तरी त्याच्या आजूबाजूला बरंच काही असतं: साखरपुडा, केळवण, हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, नंतरची सत्यनारायणाची पूजा. बरेचदा लग्न मुलीच्या गावी आणि रिसेप्शन मुलाच्या शहरात असतं. लग्नाचा मुहूर्त जमत नसेल, पण तुमच्याच शहरातलं रिसेप्शन जमत असेल, तर तो नकार उरतच नाही. फक्त हे आधी सांगा: ‘मी लग्नाला नाही, रिसेप्शनला नक्की.’ न सांगता फक्त रिसेप्शनला उगवलात, तर लग्नात तुमची वाट पाहिली गेलेली असते.

मात्र ही वाट दिखाव्यासाठी धरू नका. तिथे जाण्याचीही इच्छा नसेल तर अर्धवट होकाराचा दुसरा नकार होतो, आणि दुसरा नकार पहिल्यापेक्षा जास्त बोचतो.

केव्हा सांगायचं?

नियम सोपा आहे: तुम्हाला स्वतःला कळलं की दोन दिवसांत. अडचण अशी की, आपल्याला कळलेलं असतं हेच आपण कबूल करत नाही. त्यासाठी एक खूण सांगतो. लांबच्या लग्नाला जायचं तर तिकीट काढावं लागतं. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी खुलतं. नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 120 दिवस आधी खुलायचं. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या गाड्या आरक्षण खुलताच भरतात. तो दिवस उलटून गेला आणि तुम्ही तिकीट काढलं नाहीत, तर तुमचा निर्णय झालेला आहे. मित्राला तो कळवायचाच काय तो उरला आहे.

गावातल्या गावात लग्न असेल तर रजेचा अर्ज ही तशीच खूण. अर्ज टाकायची वेळ निघून गेली की फोन उचला.

दोन लग्नं एकाच दिवशी आली तर? दाट तिथीला हे हमखास होतं. ज्याला आधी शब्द दिला त्याच्याकडे जायचं, दुसऱ्याला त्याच दिवशी खरं कारण सांगायचं. मुहूर्त एकच असल्याने असं सगळ्यांवरच येतं, त्यामुळे हे कारण कुणाला लागत नाही. एका गावातली दोन्ही कार्यं असतील तर एकीकडे अक्षता आणि दुसरीकडे जेवण, असंही लोक करतात. तेवढंच करणार असाल तर ‘जेवायलाच येतोय’ हे सांगून ठेवा.

कारण किती सांगायचं?

इथे सर्वांत जास्त चुका होतात. कारण द्यायलाच हवं असं नाही, पण जवळच्या मित्राला एका ओळीचं कारण न देणं तुटक वाटतं. मग कोणतं कारण द्यायचं? त्याची एक कसोटी आहे. मित्राने ती अडचण सोडवली तर तुम्ही जाल का? जाणार असाल तर ते कारण सांगा. जाणार नसाल तर सांगू नका.

समजा, तुम्हाला मुळात जायचंच नाही, कारण त्या लग्नात असं कुणी येणार आहे ज्याच्यासमोर उभं राहणं तुम्हाला जड जातं. तुम्ही सांगता, ‘अरे, गाडीचं जमत नाहीये.’ मित्र चांगला आहे. तो म्हणतो, ‘माझा भाऊ येतोय पुण्याहून, तुला घेऊन येईल.’ आता तुम्हाला दुसरं कारण काढावं लागतं. तो तेही सोडवतो. तिसऱ्या कारणाला त्याच्या लक्षात येतं की अडचण गाडीची नव्हतीच. यापेक्षा पहिल्यांदाच ‘त्या दिवशी मला येणं शक्य नाही, सविस्तर नंतर कधीतरी सांगेन’ म्हटलेलं बरं.

पैशाची अडचण असेल तर? प्रवास, राहणं, कपडे, अहेर मिळून एका लग्नाला महिन्याचं बजेट कोलमडू शकतं, आणि ते सांगायला संकोच वाटतो. जवळच्या मित्राला खरं सांगितलेलं चांगलं: ‘या महिन्यात खर्चाचं गणित बसत नाही.’ तो तिकीट काढून देतो म्हणाला तर घ्यायचं की नाही, हे आधीच ठरवून ठेवा. घ्यायचं नसेल तर हसत म्हणा, ‘तुझ्या लग्नात तुझाच खर्च वाढवायचा नाहीये मला.’ एवढ्यावर विषय थांबतो.

खोटं कारण टाळायचं ते नीतीपेक्षा व्यवहारासाठी. मित्रांची वर्तुळं एकमेकांत गुंतलेली असतात. ‘ताप आहे’ म्हणून सांगितलेल्या संध्याकाळी तुम्ही दुसरीकडे काढलेला फोटो कुणीतरी टाकतोच. शिवाय आजाराचं कारण दिलं की समोरचा काळजीने फोन करतो, आणि आजारपण पुढे आठवडाभर चालवावं लागतं.

बोलायचं कसं?

जवळच्या मित्राला फोन करा. फोन करताना हा क्रम धरा.

1. आधी आनंद. तारीख, स्थळ, जोडीदार यांतलं काहीतरी नेमकं विचारा. पण पाच मिनिटं गप्पा मारून शेवटी बातमी फोडू नका. एक-दोन वाक्यं पुरेत.
2. मग नकार, सरळ. ‘मला येणं जमणार नाही.’ या वाक्यात ‘बहुतेक’, ‘तसं’, ‘सध्या तरी’ घालू नका. हे शब्द तुम्हाला मऊ वाटतात, मित्र मात्र त्यांतून आशा काढतो.
3. एका ओळीत कारण. वर सांगितलेल्या कसोटीवर उतरलेलं.
4. त्याला बोलू द्या. तो हिरमुसला होईल, चिडेल, चेष्टा करेल. लगेच सारवासारव करू नका. ‘मलाही वाईट वाटतंय’ एवढं म्हणा.
5. बदल्यात एक ठोस गोष्ट. तारखेसकट सांगा. ‘भेटू कधीतरी’ हे त्यात धरू नका.

मित्र हट्टाला पेटला, ‘तू नसशील तर मी बोहल्यावरच चढणार नाही’ म्हणाला, तर नवी कारणं देऊ नका. तेच वाक्य प्रेमाने पुन्हा म्हणा. एकच कारण दोनदा ऐकलं की ते खरं वाटतं, दोन वेगवेगळी कारणं ऐकली की दोन्ही खोटी वाटतात.

लिहून कळवायचं असेल तर संदेश असा असू शकतो:

> ‘अगं, पत्रिका मिळाली. छान आहे, आणि तुझं नाव तिच्यात वाचून एकदम भरून आलं. मला 14 तारखेला येता येणार नाही, त्या आठवड्यात ऑडिट आहे आणि रजा बंद आहेत. फार वाईट वाटतंय. तू सासरहून माहेरी आलीस की एक अख्खा दिवस माझ्यासाठी ठेव, मी नाशिकला येते. काकूंना मी वेगळा फोन करते.’

ओळखीच्या पण फार जवळच्या नसलेल्या मित्राला:

> ‘आमंत्रणाबद्दल मनापासून आभार. त्या दिवशी बाहेरगावी असल्याने मला येता येणार नाही. तुम्हा दोघांना खूप शुभेच्छा.’

दुसऱ्या संदेशात काही भर घालू नका. तो तेवढाच असलेला शोभतो.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, तुम्ही ठाण्यात राहता. कॉलेजच्या मित्राचं लग्न 8 मे रोजी रत्नागिरीला आहे. फेब्रुवारीच्या शेवटी त्याने फोनवर सांगितलं आणि वर म्हणाला, ‘आपल्या दहा जणांना तू घेऊन यायचंस.’ तुमच्या आईची गुडघ्याची शस्त्रक्रिया 28 एप्रिलला ठरली आहे. भाऊ परदेशात आहे, रात्री आईजवळ थांबायला तुम्हीच आहात.

7 मेच्या रात्रीची कोकणकन्या धरायची तर आरक्षण 8 मार्चला खुलतं. म्हणजे त्याआधी सांगायला हवं, कारण तुमच्यावर दहा जणांच्या तिकिटांची जबाबदारी आहे. हा ‘हात’ प्रकारातला नकार आहे. तुम्ही मार्चच्या पहिल्याच आठवड्यात फोन करता.

‘अरे, कार्यालय ठरलं का? बरं झालं. ऐक, मला लग्नाला येता येणार नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन 28 एप्रिलला आहे, रात्री तिच्याजवळ मीच असणार.’

‘अरे, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. काकूंना मावशीकडे ठेव ना.’

‘दहाव्या दिवशी तिला हलवायचं नाहीये मला, आणि तिला सोडून मी आलो तरी जीव तिकडेच राहील. नाही जमणार रे. मलाही फार लागलंय.’

इथे थोडा वेळ तो गप्प राहील. राहू द्या. मग तुम्ही दोन गोष्टी पुढे ठेवता, ज्या ठाण्यात बसून होण्यासारख्या आहेत.

‘आपल्या लोकांची तिकिटं मीच काढतो, 8 तारखेला सकाळी बसतो. कोण येतंय, कोण कुठे उतरणार, ती यादी मी तुझ्या दादाला देतो. आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे तुझं केळवण. आईलाही तुला भेटायचंय.’

हा नकार मित्राला पचतो, कारण तुमच्यावर टाकलेलं काम अडलं नाही, आणि लग्नाआधीच त्याच्यासाठी तुमच्या घरी पाट-रांगोळी झाली. हीच बातमी तुम्ही 25 एप्रिलला दिली असती, तर कारण तेवढंच खरं असूनही त्याला राग आला असता: शस्त्रक्रिया ठरली होती, मग दोन महिने मला का सांगितलं नाही?

नकाराच्या बदल्यात काय द्यावं?

भरपाई म्हणून मोठी भेट पाठवू नका. गेला असतात तर जेवढा अहेर केला असता, तेवढाच करा. जास्तीच्या रकमेने मित्राला ओझं होतं, कारण तुमच्या घरच्या कार्यात त्याला ते फेडायचं असतं. त्यापेक्षा या गोष्टी उपयोगी पडतात.

- केळवण. लग्नाआधी वधूला किंवा वराला घरी जेवायला बोलावण्याची ही रीत लग्नाला न येऊ शकणाऱ्यांच्या फार सोयीची आहे. लग्नाच्या गर्दीत दोन मिनिटं हात मिळवण्यापेक्षा केळवणात दोन तास गप्पा होतात. दोन-तीन आठवडे आधीचा दिवस मागा. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे वेळ नसतो.
- अहेर विश्वासू माणसाच्या हाती. पाकिटावर तुमचं नाव आणि गाव स्पष्ट लिहा. बऱ्याच घरांत अहेर वहीत मांडून ठेवतात, आणि निनावी पाकिटाने नंतर घोळ होतो. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असं छापलं असेल तर ते पाळा. ‘नाही’ म्हटल्या म्हटल्या फोनवरून पैसे पाठवू नका, हिशेब मिटवल्यासारखं दिसतं.
- आई-वडिलांना वेगळा फोन. मित्राच्या आईने तुम्हाला लहानपणापासून खाऊपिऊ घातलं असेल, तर काकूंना तुमच्या तोंडून कळायला हवं. कित्येकदा मित्र समजून घेतो आणि घरचे नाराज राहतात, तेही केवळ दुसऱ्याकडून कळलं म्हणून.
- लग्नानंतरची भेट. लग्न झाल्यावर पूजा, कुलदैवताचं दर्शन, माहेरी परतणं यांत पहिले पंधरा दिवस जातात. त्यानंतर दोघांना जेवायला बोलवा किंवा त्यांच्याकडे जा आणि फोटो दाखवायला सांगा. सगळे पांगल्यावर फोटो निवांत बघणारं माणूस नव्या जोडप्याला हवंच असतं.

यांतली एकच गोष्ट निवडा आणि ती पार पाडा. चार गोष्टी कबूल करून एकही न करणं हे पुन्हा ‘बघतो’च झालं.

काही नाजूक प्रसंग

दारात पत्रिका आणि अक्षता घेऊन आले तर. मित्राचे आई-वडील घरी आले असताना तोंडावर नकार देऊ नका. पत्रिका दोन्ही हातांनी घ्या, चहापाणी करा, लग्न कसं जमलं ते विचारा. ‘नक्की येऊ’ मात्र म्हणू नका. ‘फार आनंद झाला, तारखेचं मी त्याच्याशी बोलतो’ इतकं पुरे. आणि मग खरोखर दोन दिवसांत मित्राला फोन करा. तो केला नाही तर तुमच्या चहापाण्याचा अर्थ होकार असाच लावला जाईल.

घरात सूतक असेल तर. ज्या घरांत सूतक पाळतात त्या घरचे लोक त्या दिवसांत शुभकार्याला जात नाहीत, आणि काही घरं पुढेही वर्षभर कार्यं टाळतात. हे कारण कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. प्रश्न एवढाच, की ऐन हळदीच्या दिवशी मृत्यूची बातमी नवरीला कशी द्यायची. ती तिला देऊ नका. तिच्या भावाला किंवा बहिणीला कळवा आणि योग्य वेळी तिला सांगायला सांगा.

दारूची किंवा न मानवणारी पार्टी. मित्राच्या पार्टीला नको म्हणा, त्याच्या पद्धतीला नावं ठेवू नका. ‘मला त्या वातावरणात बसवत नाही, पण तुझा वाढदिवस मला साजरा करायचाय. रविवारी सकाळी मिसळ खायला जाऊ?’ यात पार्टीला नकार आहे, मित्राला होकार आहे. जाऊन लवकर निघणं चालणार असेल तर येतानाच सांगा की मी नऊला निघणार. पार्टी रंगात आल्यावर उठलात तर सगळे हात धरून बसवतात.

लग्नाआधीची गोव्याची सहल. इथे ‘नाही’ची मुदत बुकिंगपर्यंत असते. बंगल्याचं भाडं माणसांत वाटलेलं असतं. आठ जणांत 24,000 रुपये म्हणजे प्रत्येकी 3,000. तुम्ही गळलात की उरलेल्या सात जणांवर साधारण 3,430 येतात. म्हणून पैसे गोळा होण्याआधी सांगा. बुकिंगनंतर सांगावं लागलं आणि पैसे परत मिळणार नसतील, तर तुमचा वाटा भरा. जेवणखाणाचा वाटा भरायची गरज नाही.

ऐन वेळी खरंच अडलात तर. लग्नाच्या सकाळी नवरा-नवरीला फोन करू नका. त्यांचा फोन दुसऱ्याच्या पर्समध्ये असतो आणि त्यांना तुमची बातमी ऐकायला सवड नसते. खोल्या किंवा गाडी बघणाऱ्या माणसाला फोन करून जागा मोकळी करा. मित्राला दोन ओळींचा संदेश टाका, तो रात्री वाचेल. सविस्तर फोन तीन-चार दिवसांनी.

इथे पाय घसरतो

- मित्रमंडळींच्या ग्रुपवर नकार देणं. एकाचं ‘मला नाही जमत’ आलं की मागोमाग आणखी तीन येतात, आणि मित्राला सगळ्यांनी मिळून टाळल्यासारखं वाटतं. आधी त्याला एकट्याला सांगा.
- दुसऱ्या मित्रामार्फत निरोप देणं.
- कारण देता देता त्याच्या निर्णयावर टीका करणं: ‘एवढ्या लांब कशाला ठेवलंस?’, ‘मे महिन्यात कोण लग्न करतं?’
- ‘जमलंच तर ऐन वेळी उगवेन’ असं शेपूट जोडणं. नकाराचा उपयोगच त्यामुळे जातो, कारण ताट आणि खोली धरायची की सोडायची हे त्याला कळत नाही.
- लग्नाच्या दिवशी स्वतःच्या मौजमजेचे फोटो टाकणं. तुम्ही कुठे असणार हे त्याला आधी माहीत असेल तरच टाका.

तुमचे हक्क आणि त्याचे

मैत्रीत कायदा नसतो, पण काही गोष्टी दोन्ही बाजूंनी मान्य असाव्यात.

तुम्हाला न येण्याचा हक्क आहे. तब्येत, पैसा, घरातले वाद, मूल होत नसल्याचं दुःख, मोडलेलं नातं, यांतलं काहीही उघड न करण्याचा हक्क आहे. कार्याचा एकच भाग निवडण्याचा हक्क आहे. न गेलेल्या लग्नाच्या एकसारख्या साड्यांचे किंवा फेट्यांचे पैसे न देण्याचाही हक्क आहे, मात्र तुमच्या नावाने खरेदी होण्याआधी तुम्ही सांगितलं असेल तरच.

मित्राला वेळेवर उत्तर मिळण्याचा हक्क आहे. ते तुमच्याकडून मिळण्याचा हक्क आहे. आणि वाईट वाटण्याचाही हक्क आहे. तुमचं कारण कितीही रास्त असलं तरी त्याने लगेच ‘काही हरकत नाही’ म्हणावं, अशी अपेक्षा धरू नका.

तरीही तो रागावला तर

दोन-चार दिवस अबोला धरला तर धरू द्या. या काळात माफीचे लांबलचक संदेश पाठवू नका, त्याला लग्नाच्या धामधुमीत तुमची समजूत काढत बसावं लागतं. कबूल केलेली गोष्ट करत राहा: तिकिटं काढायची होती ती काढा, केळवणाचा दिवस आठवणीने विचारा, लग्नाच्या आदल्या दिवशी एक शुभेच्छा पाठवा. लग्नानंतर भेटल्यावर त्याने विषय काढलाच तर ऐकून घ्या आणि ‘मी यायला हवं होतं, नाही जमलं’ एवढंच म्हणा.

एक गोष्ट स्वतःशीच तपासा. याच मित्राला तुम्ही याआधी किती वेळा नाही म्हटलं आहे? साखरपुडा चुकला, घरभरणी चुकली, आता लग्नही चुकतंय, असं असेल तर या लेखातलं कोणतंही वाक्य पुरणार नाही. अशा वेळी खर्चाची किंवा रजेची ओढाताण करून एक दिवस जाऊन यावं, किंवा आपल्याला ही मैत्री पूर्वीइतकी जवळची राहिलेली नाही हे स्वतःशी मान्य करावं. पहिला किंवा दुसरा नकार असेल आणि तो वेळेवर दिला असेल, तर निश्चिंत राहा. मित्राला त्या दिवशी तुमची उणीव भासेल, पण फसवल्यासारखं वाटणार नाही.